गॅरेजचे थ्रीडी चित्र: शटर, गाडी आणि चढाचे गणित

बंगला बांधून होण्याआधी तो कसा दिसेल हे दाखवणारे संगणकावरचे चित्र म्हणजे रेंडर. आर्किटेक्टच्या ऑफिसात त्याला नुसते ‘थ्रीडी’ म्हणतात. या चित्रात झाडे, बाल्कनीतल्या कुंड्या, आकाश यांना कसलेही माप चालते. आंब्याचे झाड पाच मीटरचे काढले काय आणि आठ मीटरचे काढले काय, कोणी हरकत घेत नाही. गॅरेजच्या भागात मात्र ही सवलत नसते. तिथे उभी असलेली गाडी कारखान्यातून ठरावीक मापाची निघालेली असते, शटर ठरावीक रुंदीच्या पट्ट्यांचे बनलेले असते आणि रस्त्यापासून गॅरेजपर्यंतचा चढ जमिनीच्या पातळ्यांनी आधीच ठरवून टाकलेला असतो. या तिन्ही गोष्टी एकमेकींना तपासतात. एक चुकली की उरलेल्या दोन चुगली करतात. पाहणाऱ्याला नेमके कुठे बिनसले हे सांगता येत नाही, पण गाडी खेळण्यातली वाटते किंवा गॅरेज गोदामासारखे भव्य दिसते.

हे गणित समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातल्या मध्यम शहरात सर्रास दिसणारा एक नमुना घेता येईल. छोट्या प्लॉटवरचा एकमजली किंवा दुमजली बंगला, घराला लागूनच एका गाडीचे गॅरेज. गॅरेजची आतली रुंदी ३ मीटर, खोली ५.५ मीटर. शटरचे मोकळे तोंड २.४ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच. कंपाउंडच्या फाटकापासून शटरपर्यंतचे अंतर ३ मीटर. घराचे जोते रस्त्याच्या कडेपेक्षा ६० सेंटिमीटर वर, म्हणजे पुढच्या दाराशी पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या चार पायऱ्या. गाडी म्हणून २०२४ साली बाजारात आलेली मारुती स्विफ्ट धरू, कारण तिची मापे सहज मिळतात: लांबी ३८६० मिलिमीटर, रुंदी १७३५, उंची १५२०, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर म्हणजे व्हीलबेस २४५०, आणि रिकाम्या गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर.

चित्र काढणारा बहुतेक वेळा सुरुवात गाडीपासून किंवा शटरच्या रंगापासून करतो. खरी सुरुवात पातळ्यांपासून व्हायला हवी. आर्किटेक्टच्या प्लॅनमध्ये लांबी-रुंदी दिसते, पण रस्ता, अंगण, गॅरेजची फरशी आणि घराचे जोते यांच्या उंचीतला फरक फक्त सेक्शनमध्ये दिसतो. थ्रीडी काढणाऱ्याच्या हाती अनेकदा नुसता प्लॅन पडतो. मग तो जमीन म्हणून एक सपाट पत्रा अंथरतो, त्यावर घर ठेवतो आणि दाराशी चार पायऱ्या लावून मोकळा होतो. गॅरेजसमोरचा रस्ता, अंगण आणि गॅरेजची फरशी एकाच पातळीत येतात. चित्र वरकरणी छान दिसते, पण त्याचा अर्थ असा होतो की माणसाने घरात शिरायला ६० सेंटिमीटर चढायचे, तर शेजारचीच गाडी काहीही न चढता घराला चिकटून आत गेली. पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणीही तिच्या मागोमाग जाईल, ही गोष्ट चित्रात दिसत नाही इतकेच.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट असते. गॅरेज घराचाच भाग आहे म्हणून त्याची फरशी घराच्या जोत्याला जुळवली जाते. मग ३ मीटर अंतरात ६० सेंटिमीटर चढायचे, म्हणजे चढ १:५ होतो. पाच मीटर आडवे गेल्यावर एक मीटर उंची. कागदावर हा आकडा निरुपद्रवी दिसतो. वाहनांच्या रॅम्पसाठी आपल्याकडे १:१० हे सुखाचे आणि १:८ हे चालण्याजोगे प्रमाण धरले जाते. १:५ हा त्याच्या दुप्पट तीव्र, आणि तोसुद्धा फाटकातून वळून येताक्षणी.

योग्य उत्तर या दोन्हींच्या मध्ये असते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार गॅरेज आणि आच्छादित पार्किंगची फरशी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान १५० मिलिमीटर वर असावी लागते आणि तिथले पाणी नीट निघून जायला हवे. आपल्या नमुन्यात अंगण रस्त्यापेक्षा १५ सेंटिमीटर वर आहे असे धरले, तर गॅरेजची फरशी रस्त्यापेक्षा ३० सेंटिमीटर वर येते. तीन मीटरमध्ये ३० सेंटिमीटर म्हणजे नेमका १:१० चा चढ. घराचे जोते उरलेले ३० सेंटिमीटर वर राहते. गॅरेजमधून घरात उघडणाऱ्या दाराशी दोन पायऱ्या दिल्या की हिशेब जुळतो. बाहेर चार पायऱ्या, आत दोन पायऱ्या, मध्ये रॅम्प. चित्रात या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या की पाहणाऱ्याला आपसूक भरवसा वाटतो. गॅरेजची फरशी आतून बाहेर धुण्याचे पाणी वाहून जावे म्हणून साधारण १:१०० च्या ढाळाने घातलेली असते, त्यामुळे मागची भिंत शटरपेक्षा पाचेक सेंटिमीटर वर असते आणि आतल्या पायऱ्या तेवढ्या बुटक्या होतात. चित्रात हा ढाळ दिसत नाही. पण शटरच्या उंबऱ्याशी बाहेरच्या बाजूला दीड-दोन सेंटिमीटरचा उतरता खाचा काढला तर तो दिसतो, आणि प्रत्यक्षातही पावसाचे पाणी शटरखालून आत शिरू नये म्हणून तो ठेवावाच लागतो.

१:५ का चालत नाही हे गाडीच्या पोटाकडून पाहिले तर नीट कळते. गाडी चढ संपवून सपाट फरशीवर येते तेव्हा एक क्षण असा येतो की पुढची चाके गॅरेजमध्ये, मागची चाके रॅम्पवर आणि चढाचा माथा बरोबर गाडीच्या पोटाखाली. माथा दोन्ही चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या किती वर येतो, हे व्हीलबेसच्या निम्म्याला चढाच्या निम्म्या कोनाच्या टॅनने गुणले की मिळते. १:१० चा कोन सुमारे ५.७ अंश असतो, म्हणून स्विफ्टच्या बाबतीत माथा ६१ मिलिमीटर वर येतो. पोटाखाली १६३ मिलिमीटर जागा आहे, म्हणजे काही अडचण नाही. १:५ ला हाच आकडा १२१ वर जातो. रिकामी गाडी निभावून नेते, पण पाच माणसे आणि डिकीत सामान बसले की स्प्रिंग दबतात, जागा काही सेंटिमीटरनी घटते आणि गाडी टेकण्याच्या बेतात येते. १:४ ला माथा १५१ मिलिमीटर वर येतो आणि १:३ ला जवळजवळ २००. म्हणजे १:३ चा रॅम्प ही गाडी चढूच शकत नाही, मध्येच पोटावर बसते. तरीही १:३ चे चढ दाखवणारी चित्रे कमी नाहीत, कारण पडद्यावर ते चांगले ‘ठसठशीत’ दिसतात.

चढाच्या पायथ्याशी दुसरी अडचण असते. तिथे टेकतो तो पुढचा बंपर. लहान गाड्यांत पुढच्या चाकाच्या मध्यापासून बंपरच्या टोकापर्यंत सुमारे ८० सेंटिमीटर अंतर असते आणि बंपरची खालची कड जमिनीपासून साधारण वीस सेंटिमीटरवर. चाक चढाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत बंपर रॅम्पच्या ८० सेंटिमीटर आत गेलेला असतो. १:१० ला तिथली जमीन ८ सेंटिमीटर वर आलेली असते, १:५ ला १६ आणि १:४ ला २०. म्हणजे १:४ ला बंपर घासतो. म्हणूनच जिथे जागेअभावी तीव्र चढ टाळता येत नाही, तिथे रॅम्पच्या दोन्ही टोकांना साधारण निम्म्या चढाचे तुकडे घालतात. ऑस्ट्रेलियाच्या पार्किंगच्या मानकात घरगुती रॅम्पला १:४ पर्यंत परवानगी आहे, पण टोकांशी असे सौम्य तुकडे देण्याच्या अटीवर. थ्रीडीमध्ये १:८ पेक्षा तीव्र चढ दाखवायचा तर त्याची दोन्ही टोके मोडलेली दिसायला हवीत. एकसंध, सुरीने कापल्यासारखा तीव्र उतार दिसला की तो कोणी मोजून काढलेला नाही असे बेलाशक समजावे.

चढ बरोबर काढूनही तो चित्रात दिसत नाही, अशी तक्रार नेहमी होते. त्याचे कारण कॅमेऱ्याची जागा. शटरच्या बरोबर समोरून पाहिले तर १:१० चा चढ डोळ्याला सपाटच वाटतो. तो कळतो बाजूने. घराच्या भिंतीवर जोत्याची आडवी रेघ असते, कंपाउंडच्या भिंतीत विटांचे किंवा दगडांचे आडवे थर असतात. रॅम्पची कड या आडव्या रेषांना तिरकी छेदून जाते आणि मध्ये पाचरीसारखा त्रिकोण दिसतो. हा त्रिकोण चित्रात आला की चढ सांगावा लागत नाही. त्यासाठी कॅमेरा थोडा तिरका, डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास ठेवावा लागतो. छापलेल्या चित्रावर हीच गोष्ट पट्टीने तपासता येते. रॅम्पच्या दोन्ही कडा पुढे वाढवल्या तर त्या जिथे मिळतात, तो बिंदू घराच्या इतर आडव्या रेषा जिथे मिळतात त्याच्या वर असायला हवा. दूर जाताना चढणाऱ्या पृष्ठभागाच्या रेषा क्षितिजाच्या वर मिळतात. दोन्ही बिंदू एकच निघाले तर रॅम्प सपाट आहे. त्यावर फक्त चढाचा पोत चिकटवलेला आहे.

आता गाडी. थ्रीडीच्या कामात गाडी कोणी स्वतः घडवत नाही. ती तयार मॉडेलच्या संग्रहातून आणतात. गडबड तिथेच सुरू होते. एका सॉफ्टवेअरमध्ये इंचांत बनलेली गाडी दुसऱ्यात मिलिमीटर समजून उघडली तर ती २५.४ पट लहान होते. ही चूक डोळ्यात भरते, म्हणून लगेच सुधारली जाते. खरा घोळ होतो तो सुधारताना. गाडी हाताने ओढून ‘बरी दिसेल’ इतकी मोठी केली जाते आणि पाच-दहा टक्क्यांची तूट तशीच राहून जाते. दहा टक्के म्हणजे काय हे पाहण्यासारखे आहे. स्विफ्ट दहा टक्क्यांनी लहान केली तर तिची लांबी ३४७४ मिलिमीटर उरते. मारुतीचीच अल्टो के१० ही ३५३० मिलिमीटर लांब आहे. म्हणजे चित्रातली स्विफ्ट अल्टोपेक्षाही तोकडी झाली आणि गॅरेज त्या मानाने ऐसपैस दिसू लागले. ही चूक नेहमी अजाणतेपणीच होते असेही नाही.

माप लावण्यासाठी गाडीची एकूण लांबी घेण्यापेक्षा व्हीलबेस घेणे जास्त भरवशाचे. बंपर, स्पॉयलर यांचे आकार मॉडेल करणाऱ्याने ढोबळ काढलेले असू शकतात. चाकांचे मध्य मात्र सहसा बरोबर असतात. मॉडेलमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतले अंतर मोजायचे, २४५० ला त्या अंतराने भागायचे आणि येईल त्या पटीने पूर्ण गाडी एकसारखी लहान-मोठी करायची. समजा मॉडेलमध्ये हे अंतर २२८० आले, तर पट १.०७५ येते. त्यानंतर रुंदी मोजायची. ती १७३५ च्या जवळ आली तर मॉडेल विश्वासाचे. दहा सेंटिमीटरचा फरक पडला तर कोणीतरी आधी फक्त एका दिशेने ते ताणलेले आहे, ते टाकून द्यावे. दुसरी खूण टायरची. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलांना १८५/६५ आर१५ मापाचे टायर असतात. १५ इंच रिम म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात १८५ च्या ६५ टक्क्यांची दुप्पट म्हणजे २४० मिळवले की टायरची एकूण उंची सुमारे ६२ सेंटिमीटर येते. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, पुढे शटरपाशी तो कामाला येतो.

परदेशी संग्रहातून आणलेली गाडी ओळखणे त्याहून सोपे. तिचे स्टिअरिंग डावीकडे असते, हे पुष्कळदा कोणाच्या ध्यानातही येत नाही. शिवाय ती बहुधा पावणेपाच-पाच मीटर लांबीची सेडान असते. भारतात २००६ पासून ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत मिळत आली, म्हणून रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांची लांबी नेमकी ३९९५ मिलिमीटर असते. मध्यमवर्गीय बंगल्याच्या ५.५ मीटर खोलीच्या गॅरेजमध्ये पाच मीटरची गाडी ठेवली तर पुढे-मागे मिळून अर्धा मीटर उरतो. ग्राहकाकडे मोठी गाडी असेल तर चित्रातही ती दाखवणे योग्य, पण मग गॅरेज तिच्या मापाने तपासावे लागते. टोयोटा फॉर्च्युनर ४७९५ मिलिमीटर लांब आणि १८५५ रुंद आहे. ३ मीटर रुंदीच्या गॅरेजमध्ये ती मधोमध उभी केली तर दोन्ही बाजूंना ५७ सेंटिमीटर उरतात. दार पूर्ण उघडत नाही आणि चालक अंग चोरून बाहेर पडतो. स्विफ्टला हीच जागा ६३ सेंटिमीटर मिळते. शटरच्या २.४ मीटर तोंडातून स्विफ्ट आत जाताना दोन्ही बाजूंना ३३ सेंटिमीटर राहतात, आणि कंपन्यांनी दिलेल्या रुंदीत सहसा आरसे धरलेले नसतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही दहा-बारा सेंटिमीटर कमी.

मापाइतकीच गाडीची जागाही महत्त्वाची. आपल्या नमुन्यात रॅम्प ३ मीटरचा आहे आणि गाडी ३.८६ मीटरची. म्हणजे फाटक लावून गाडी रॅम्पवर उभी राहूच शकत नाही. तिचा मागचा भाग रस्त्यावर येणार. तरीही फाटक बंद, शटर बंद आणि मध्ये रॅम्पवर दिमाखात उभी असलेली गाडी असे चित्र सगळीकडे दिसते. तिथे एक तर गाडी आखडलेली असते किंवा अंगण लांबवलेले असते. प्रामाणिक चित्रात गाडी आत असावी किंवा आत जाताना दाखवावी. आत जाताना दाखवली तर ती कललेली हवी. संपूर्ण गाडी १:१० च्या चढावर असेल तर मागची चाके पुढच्यांपेक्षा सुमारे २४ सेंटिमीटर खाली असतात. माथ्यावर अर्धी-अर्धी असेल तर कल निम्मा, तीन अंशांच्या आत. गाडी सपाट ठेवून रॅम्प तिच्याखाली तिरका काढला की मागची चाके हवेत तरंगतात किंवा पुढची काँक्रीटमध्ये रुततात. हे लपवायला चाकांखाली काळी सावली पसरतात. टायर जमिनीला टेकतो तिथली खरी सावली अरुंद आणि गडद असते, आणि टायर वजनाने तळाशी किंचित पसरलेला असतो. सावली पसरट आणि फिकट दिसली तर तिथे तिला काहीतरी झाकायचे आहे.

शटर हा चित्रातला सगळ्यात दुर्लक्षित आणि तरीही सगळ्यात उपयोगी भाग. दुकानांना असते तेच हे लोखंडी गुंडाळी शटर: आडव्या पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या, दोन्ही बाजूंना त्यांना धरणारे उभे गाइड चॅनेल, वर आडवा पाइप, त्यावर ताण देणाऱ्या स्प्रिंगा आणि सगळ्यावर पत्र्याचा डबा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामात प्रचलित असलेली पट्टी ८० मिलिमीटर रुंद आणि १.२५ मिलिमीटर जाड पत्र्याची असते. २.१ मीटर उंचीच्या शटरमध्ये अशा साधारण २६ पट्ट्या बसतात. चित्रात जर दहा-बारा जाडजूड पट्ट्या दिसत असतील तर शटरचा पोत दुप्पट मापाने चिकटवला आहे. डोळा मग पट्टी नेहमीच्या मापाची समजतो, त्यावरून शटर एक मीटर उंचीचे ठरवतो आणि शेजारची बरोबर मापाची गाडीसुद्धा त्याला खेळण्यातली वाटू लागते. गाडी चुकली म्हणून तिच्यावर तासन्‌तास घालवले जातात, आणि दोष असतो शटरच्या पोताचा.

याच पट्ट्यांनी छापलेल्या चित्रावरही माप तपासता येते. गाडीचे टायर ६२ सेंटिमीटर, पट्टी ८ सेंटिमीटर. म्हणजे टायर शटरला लागून असेल तर त्याची उंची आठ पट्ट्यांच्या किंचित आत भरायला हवी. गाडी शटरच्या पुढे उभी असेल तर ती जवळ असल्यामुळे मोठी दिसते, तेवढी सूट द्यावी लागते. कॅमेरा शटरपासून ८ मीटरवर आणि टायर शटरपासून १ मीटर पुढे असेल तर टायर आठास सात या प्रमाणात, म्हणजे सुमारे १४ टक्के मोठे दिसते आणि नऊ पट्ट्या झाकते. पाच-सहाच पट्ट्या झाकत असेल किंवा चौदा झाकत असेल, तर गाडी आणि शटर यांपैकी कोणीतरी खोटे बोलत आहे. अतिरुंद भिंगाने घेतलेल्या चित्रात हा फरक फार फुगतो, कारण तिथे कॅमेरा अगदी जवळ आणलेला असतो. अंगण लांब वाटते ते त्यामुळेच.

शटरच्या वरचा डबा तर बहुतेक चित्रांतून गायबच असतो. उघडलेले शटर कुठे जाते, हा प्रश्न चित्रकाराला पडलेला नसतो. तो शटर अर्धे वर सरकवून ते सरळ भिंतीत घुसवतो. गुंडाळीचा आकार काढणे अवघड नाही. पाइप आणि स्प्रिंग मिळून सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाचा गाभा धरला आणि गुंडाळलेल्या पट्टीच्या एका थराची जाडी १८ मिलिमीटर धरली, तर २.१ मीटर शटरची गुंडाळी साधारण २५ सेंटिमीटर व्यासाची होते. डबा त्याहून थोडा मोठा, म्हणजे ३० सेंटिमीटर. संहितेत गॅरेजची उंची किमान २.४ मीटर सांगितली आहे, २.१ मीटरच्या तोंडावर ३० सेंटिमीटरचा डबा बसला की ती उंची पुरी होते. आतून डबा बसवायचा तर तोंडावरची तुळई आणि स्लॅब यांच्यामध्ये एवढी जागा सेक्शनमध्ये आधीच ठेवावी लागते. जागा नसेल तर डबा बाहेर येतो आणि एलिव्हेशनमध्ये दिसतो, मग तो चित्रातही दिसलाच पाहिजे. घर बांधून झाल्यावर दर्शनी भिंतीवर अचानक आडवा पत्र्याचा डबा उगवतो आणि मालक वैतागतो, त्यामागे चित्रातली हीच गळती असते.

या नमुन्यातले शटर सुमारे ५ चौरस मीटरचे आहे, म्हणून ते हाताने ओढून उघडण्याच्या प्रकारात मोडते. आठ-नऊ चौरस मीटरच्या पुढे बेअरिंग, साखळी किंवा मोटर लागते. हाताने चालणाऱ्या शटरला तळाच्या जाड पट्टीवर मुठी असतात आणि दोन्ही बाजूंना कुलपाचे कोयंडे. जवळून दाखवायच्या चित्रात पट्टीचा फुगवटा खरा घडवावा लागतो. नुसत्या पोताने भागवले तर कडेने पाहताना शटर कागदासारखे सपाट दिसते. दुरून मात्र पोत पुरतो. प्रत्येक पट्टी फुगीर असल्यामुळे तिच्यावर उजेडाची एक बारीक आडवी रेघ आणि खाली सावलीची एक रेघ पडते. गाइडजवळ ग्रीसचा काळपट ओघळ आणि मुठींभोवती हातांचे डाग एवढे दिले की शटर वापरातले वाटते. त्याहून जास्त गंज दाखवण्याचा मोह टाळावा, नवीन घराच्या चित्रात तो शोभत नाही.

शटर नसलेल्या कार पोर्चला हे सगळे नियम लागू होतात, फक्त माप सांगणारी पट्टी उरत नाही. तिथे फरशी ती जागा घेते. आयताकृती पेव्हर ब्लॉक २०० बाय १०० मिलिमीटरचा असतो, म्हणजे ३ मीटरच्या रॅम्पवर लांबीच्या दिशेने पंधरा ब्लॉक. चित्रात सहाच मोजता आले तर फरशीचा पोत अडीचपट मोठा आहे.

गृहप्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेत असे चित्र छापले की त्याला कायद्याचेही वजन येते. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई प्रवर्तकाला द्यावी लागते. रो-हाउस घेणाऱ्याने म्हणूनच गॅरेजच्या चित्रासोबत त्या भागाचा सेक्शन मागून घ्यावा आणि त्यात तीन आकडे पाहावेत: रस्त्यापासून गॅरेजच्या फरशीची उंची, फाटकापासून शटरचे अंतर आणि शटरच्या तोंडाची मोकळी रुंदी. पहिल्याला दुसऱ्याने भागले की चढ कळतो, आणि तिसऱ्यातून आपल्या गाडीची आरशांसह रुंदी वजा केली की ती रोज आत जाईल की नाही हे कळते.